दूध बंद केलं, म्हणजे संस्था सुटली का?

संध्याकाळची वेळ. किटली सायकलला अडकवून एक शेतकरी दूध संस्थेच्या दारावरून सरळ पुढे जातो आणि चौकातल्या खासगी संकलन केंद्रासमोर उतरतो. संस्थेत रांगेला उभे असलेले सगळे हे बघतात. सचिव मान वर करत नाही, पण रात्री त्या माणसाच्या खात्याचं पान उघडून बघतो. दुसऱ्या दिवशी निरोप येतो : "अण्णा, बाकी भरा आणि मग काय ते करा."

गेल्या काही वर्षांत हे दृश्य गावोगावी दिसलं. जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारने गायीच्या दुधाला लिटरला किमान ३४ रुपये दर ठरवून दिला. तो टिकला नाही. मग २०२४ मध्ये आधी पाच रुपये आणि पुढे सात रुपये अनुदान द्यावं लागलं. दर असा हेलकावे खात असताना शेजारचा दोन रुपये जास्त देतोय म्हटल्यावर माणूस दूध फिरवतोच. अडचण दूध फिरवताना येत नाही, ती येते हिशोब मिटवताना. संस्था म्हणते तुमच्याकडे येणं आहे, शेतकरी म्हणतो माझंच तुमच्याकडे येणं आहे, आणि बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात.

## तुम्ही नेमके कोणाचे सभासद?

जिल्हा संघाच्या पिशवीवर जे नाव असतं, त्या संघाचा शेतकरी सहसा थेट सभासद नसतो. कोल्हापूर, पुणे, संगमनेर, कुठलाही सहकारी दूध संघ घ्या, त्याची सभासद असते ती गावची प्राथमिक दूध संस्था. तुम्ही सभासद त्या गावच्या संस्थेचे. दूध ती संस्था घेते, बिल ती काढते, कपात ती करते. म्हणून सोडायचं असतं ते गावच्या संस्थेला, आणि हिशोबही तिथंच मिटतो. संघाच्या कार्यालयात जाऊन कितीही वाद घातला तरी ते परत गावाकडेच बोट दाखवतील.

दुसरी गोष्ट, दूध घालणारा प्रत्येक जण सभासद असतोच असं नाही. कित्येकांच्या नावावर नुसता कोड नंबर असतो, संस्थेचा भाग, म्हणजे शेअर, घेतलेला नसतो. अशा बिगर सभासदाला राजीनामा वगैरे काही द्यायचा नसतो. त्याने देणं-घेणं मिटवलं की विषय संपला. तेव्हा आधी सभासद नोंदवहीत आपलं नाव आहे का, किती भाग आहेत, हे बघून घ्या. वीस वर्षं दूध घालणाऱ्याला आपण सभासद नाही हे निवडणुकीची यादी लागल्यावर कळल्याची उदाहरणं कमी नाहीत.

## एकाच माणसाची तीन खाती

संस्थेशी तुमचं नातं एक वाटतं, पण वहीत त्याचे तीन वेगळे कप्पे असतात. गोंधळ होतो तो हे कप्पे एकमेकांत मिसळल्यामुळे.

पहिला कप्पा दुधाचा. सकाळ-संध्याकाळ घातलेलं दूध, फॅट आणि एसएनएफ, त्यावर दर, आणि बहुतेक ठिकाणी दर दहा दिवसांनी निघणारं बिल. हे खातं वाहत्या पाटासारखं : आज भरतं, दहा दिवसांनी रिकामं होतं.

दुसरा कप्पा तुमच्याकडून येणं. उधारीवर नेलेली पेंडीची पोती, लग्नाला किंवा शाळेच्या फीला घेतलेली उचल, डॉक्टर आणि रेतनाचे पैसे. हे सगळं बिलातून थोडंथोडं कापलं जातं. संस्थेला तुमच्या घरी वसुलीला यावं लागत नाही, कारण तुमचं दूधच रोज तिच्या दारात येतं. ज्या दिवशी दूध थांबतं त्या दिवशी ही कपातीची तोटी बंद होते. सचिवाची घाई त्यामुळे असते, दरवेळी त्यात राग असतोच असं नाही.

तिसरा कप्पा संस्थेकडून तुमचं येणं, आणि शेतकऱ्याच्या लक्षातून सगळ्यात आधी हाच जातो. लिटरमागे काही पैसे कापून जमा केलेली ठेव, तिचं व्याज, भागाची रक्कम, आणि दिवाळीला मिळणारा फरक. फरक म्हणजे वर्षभर दिलेल्या दरावर वर्षअखेरीला लिटरमागे मिळणारी जादा रक्कम. कुणी त्याला रिबेट म्हणतं, कुणी बोनस.

कापल्या गेलेल्या प्रत्येक पैशाची ठेव होत नाही, हे इथं लक्षात ठेवायला हवं. इमारत निधी किंवा तशाच नावाने गेलेली कपात परत मिळत नाही. बिलाच्या चिठ्ठीवर कपातीच्या रकान्याचं नाव काय छापलंय ते नीट वाचा. तिथं "ठेव" हा शब्द असेल तर मागता येते.

## एका तात्यांचा हिशोब

आता एक उदाहरण घेऊ. आकडे समजावण्यासाठी धरलेले आहेत, पण घाट नेहमीचाच. एक तात्या, दोन गायी, रोजचं वीस लिटर दूध, दर सरासरी ३३ रुपये. मेअखेरीला मुलीच्या फीसाठी १५,००० रुपये उचल घेतली, जूनपासून दर बिलाला ५०० रुपये कपात. ३१ ऑगस्टला दूध बंद करायचं ठरवलं.

सचिवाने कागदावर लिहून दिलं : चार पोती पेंड ६,४००, उचल बाकी १२,०००, औषधं आणि रेतन ३५०, एकूण १८,७५० रुपये. "एवढे भरा, काही येणं नसल्याचा बेबाकी दाखला घेऊन जा."

तात्या गप्प बसले असते तर बैल नाहीतर दागिना काढावा लागला असता. त्यांनी बिलाच्या चिठ्ठ्या प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या, त्या काढल्या. जूनची तीन बिलं, जुलैची तीन, ऑगस्टची दोन अशा आठ बिलांतून ५०० रुपये कापलेले. म्हणजे ४,००० फिटले, उचल बाकी ११,०००. वहीत मात्र ऑगस्टच्या दोन कपाती चढवायच्या राहून गेल्या होत्या. ही चूक फार नेहमीची आहे. बिल संगणकावर निघतं, उचलीचं खातं हाताने लिहिलं जातं, आणि दोन्हींच्या तारखा जुळत नाहीत. ती सापडण्याचा उपाय एकच : वहीतली शेवटची जमा कोणत्या तारखेची आहे ते विचारायचं आणि त्यानंतरच्या चिठ्ठ्या मोजायच्या. तात्यांचं खरं देणं निघालं १७,७५० रुपये.

मग दुसरी बाजू. २१ ते ३१ ऑगस्ट या अकरा दिवसांचं बिल अजून निघायचं होतं. २२० लिटर गुणिले ३३, म्हणजे ७,२६० रुपये. ठेव ९,४०० रुपये. पोटनियमाप्रमाणे सहा टक्के व्याज धरलं, तर एप्रिल ते ऑगस्ट पाच महिन्यांचे २३५. बेरीज १६,८९५.

१७,७५० वजा १६,८९५. तात्यांना रोख भरायचे होते फक्त ८५५ रुपये.

मुद्दा असा, की दोन्ही बाजूंचा हिशोब एकाच तारखेला काढला पाहिजे. संस्था आपलं येणं आजच्या तारखेला मागते आणि तुमचं येणं "पुढच्या बिलाला", "मार्चनंतर", "मीटिंगमध्ये घेऊ" अशा तारखांवर टाकते. तेवढ्यानेच ८५५ चे १७,७५० होतात.

## संस्था ठेव अशी वळती करायला तयार होईल का?

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४६ प्रमाणे सभासदाच्या भागावर, ठेवीवर आणि त्याला मिळणाऱ्या लाभांश-बोनसवर संस्थेच्या येण्याचा बोजा असतो, आणि संस्था ते पैसे येण्यापोटी वळते करून घेऊ शकते. वळते करणं म्हणजे रोख देवघेव न करता एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जमा-खर्च टाकणं.

पण कायद्याने हा हक्क संस्थेला दिलाय. "माझी ठेव वळती कराच" असं तुम्हाला या कलमाच्या जोरावर ठणकावून सांगता येत नाही. तुम्ही लेखी अर्ज करायचा, संचालक मंडळाने तो मंजूर करायचा. व्यवहारात बहुतेक संस्था तयार होतात, कारण पैसा त्यांच्याच हातात असतो आणि वसुलीची कटकट वाचते. तोंडी विनंती मात्र हवेत विरते. अर्ज द्या, आवक क्रमांक टाकून पोच घ्या.

संस्था खात्याचा उताराच दाखवत नसेल तर कलम ३२ आहे. स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी कार्यालयीन वेळेत फुकट बघायचा सभासदाला हक्क आहे, आणि ठरलेली फी भरून नक्कलही मिळते.

## दिवाळीच्या फरकाचं काय?

खरं दुखणं इथं आहे. तात्यांचं मागच्या आर्थिक वर्षाचं दूध होतं ६,९०० लिटर. फरक लिटरला एक रुपया धरला तर ६,९०० रुपये. आणि चालू वर्षाचं एप्रिल ते ऑगस्ट १५३ दिवसांचं ३,०६० लिटर दूध, त्याचा फरक पुढच्या वर्षी ठरणार.

मागच्या वर्षाच्या फरकाबाबत तात्यांची बाजू भक्कम आहे. ते वर्ष संपलं, दूध पूर्ण घातलं, हिशोब बंद झाला. वाटप दिवाळीत असलं तरी पैसे मागच्या दुधाचे. चालू वर्षाच्या फरकाबाबत मात्र पोटनियम आणि सभेचा ठराव बघावा लागतो. कित्येक संस्थांत "वाटपाच्या वेळी दूध चालू असणाऱ्यांनाच" किंवा "वर्षात अमुक दिवस दूध घालणाऱ्यांनाच" अशी अट असते.

माझं मत विचाराल तर यात दोन प्रकार वेगळे करायला हवेत. संघाकडून लिटरच्या हिशोबाने येणारा दर फरक ही दुधाचीच उशिरा मिळालेली किंमत आहे. ज्याने दूध घातलं त्याची ती. तो अडवणं योग्य नाही. संस्थेने स्वतःच्या नफ्यातून दिलेला बोनस ही वेगळी गोष्ट, तो कसा वाटायचा हे सर्वसाधारण सभा ठरवते. सचिव बोलताना दोन्हीला फरकच म्हणतो, त्यामुळे कोणता फरक अडवला हे लेखी विचारल्याशिवाय कळत नाही.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. सोडायचंच असेल तर ३१ मार्च ही त्यातल्या त्यात सोयीची तारीख. वर्ष पूर्ण होतं आणि अर्धवट दुधाचा प्रश्न उरत नाही. दोन रुपये जास्त दरासाठी फेब्रुवारीत उठणाऱ्याने आधी वर्षभराच्या फरकाची बेरीज करून बघावी. वीस लिटरवाल्याला दोन रुपयांनी महिन्याला बाराशे मिळतात. त्यासाठी सहा-सात हजारांचा फरक वादात टाकायचा का, हे ज्याने त्याने ठरवावं.

## "बाकी भरली, आता मी मोकळा" असं म्हणता येतं का?

दुधापुरतं, हो. सभासदत्वापुरतं, नाही. दूध थांबवल्याने सभासदत्व आपोआप जात नाही. पोटनियमात ठरलेलं किमान दूध न घातल्याने मतदानाचा किंवा निवडणुकीला उभं राहण्याचा हक्क अडचणीत येऊ शकतो, पण नाव वहीत राहतं.

नाव काढायचं तर राजीनामा द्यावा लागतो. महाराष्ट्र सहकारी संस्था नियम १९६१ मध्ये त्यासाठी सचिवाला तीन महिन्यांची नोटीस सांगितली आहे. लोक याचा अर्थ "तीन महिने दूध घालत राहायचं" असा लावतात. नोटीस सभासदत्वाची आहे, दुधाची नाही. मात्र सभासदाने घरच्यापुरतं ठेवून बाकी सगळं दूध संस्थेलाच घालावं असं कलम पोटनियमांत असतं, ते आपल्या संस्थेत कसं लिहिलंय हे बघूनच पाऊल टाका.

त्याच नियमात राजीनामा मंजूर होण्याच्या अटीही आहेत. तुमचं देणं पूर्ण फिटलेलं हवं, आणि तुम्ही कुणाला जामीन असाल तर ती जबाबदारीही सुटलेली हवी. तात्यांचं गाडं इथंच अडलं. चार वर्षांपूर्वी भावकीतल्या एकाच्या गायीच्या उचलीला त्यांनी सही केली होती आणि विसरून गेले होते. स्वतःचं खातं कोरं, पण दुसऱ्याच्या खात्यावर जामीन म्हणून नाव. आता एकतर त्या भावकीवाल्याने बाकी फेडायची, नाहीतर दुसरा जामीन आणून संचालक मंडळाकडून बदल मंजूर करून घ्यायचा. तोपर्यंत राजीनामा देऊन उपयोग नाही.

भागाची रक्कम राजीनामा मंजूर झाल्यावर मिळते, आणि भरली त्याहून जास्त मिळत नाही. संस्था तोट्यात असेल तर मूल्यांकन कमीही येऊ शकतं. एका वर्षात संस्थेला वसूल भागभांडवलाच्या दहा टक्क्यांपर्यंतच असे भाग परत करता येतात, त्यामुळे एकदम पन्नास जण उठले तर काहींना थांबावं लागतं. तात्यांचे भाग पाचशे रुपयांचे. एवढ्यासाठी घाई कशाला?

मला तर वाटतं, ज्याला फक्त दराचं वाकडं आहे त्याने दुधाचं आणि उधारीचं खातं कोरं करावं आणि भाग तसाच ठेवावा. थंडीत दूध वाढतं, त्या पुष्टकाळात बाहेरचे भाव पडतात, आणि तेव्हा परत येणाऱ्याला जुना भाग उपयोगी पडतो. राजीनामा द्यावा तो गाव सोडणाऱ्याने, गोठा मोडणाऱ्याने किंवा संस्थेच्या कारभारावर विश्वास उरला नाही त्याने. त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की सभासदत्व संपल्याच्या दिवशी संस्थेवर जी कर्जं होती त्यांची जबाबदारी माजी सभासदावर पुढे दोन वर्षं राहते. संस्था मर्यादित जबाबदारीची असेल तर तीही मर्यादेतच.

## बँकेचं कर्ज असेल तर?

गाय घेताना बँकेचं किंवा पतसंस्थेचं कर्ज काढलं असेल, तर दूध संस्थेने बिलातून हप्ता कापून भरायची हमी लिहून दिलेली असते. हा व्यवहार तिघांचा आहे. तुम्ही संस्थेची बाकी चुकती केली तरी ही हमी उभीच राहते, आणि दूध थांबताच हप्ताही थांबतो. दोन महिन्यांनी बँकेची नोटीस येते तेव्हा माणूस म्हणतो, "मी तर संस्थेत बेबाकी घेतली होती." आधी बँकेत जाऊन हप्ता थेट खात्यातून भरायची सोय करा, बँकेचं तसं पत्र संस्थेला द्या, मगच दूध फिरवा.

नवा खासगी खरेदीदार म्हणतो, "तुमची संस्थेची बाकी मी भरतो, काळजी सोडा." ती बाकी भरली जात नाही, तिची जागा बदलते. जुनी उचल संस्थेच्या वहीतून त्याच्या वहीत गेली. फरक इतकाच की संस्थेशी वाद झाला तर कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जाता येतं, वही बघायचा हक्क असतो. खासगी खरेदीदाराकडे यातलं काही नाही, उरतो फक्त दिवाणी दावा.

## दाखला देत नाहीत, मग?

हिशोब मिटल्यावर बेबाकी दाखला घ्यायचा. त्यावर तुमचं नाव, सभासद क्रमांक, कोड नंबर, कोणत्या तारखेपर्यंतचा हिशोब, येणे बाकी निरंक, जामीनदार म्हणून जबाबदारी नाही, आणि संस्थेकडून तुम्हाला अजून काय मिळायचं आहे, हे सगळं लिहिलेलं असावं. शेवटची ओळ बहुतेक दाखल्यांत नसते. तात्यांनी ती आग्रहाने घालून घेतली : "सन अखेर घातलेल्या ६,९०० लिटर दुधाचा फरक देय." जामिनाची ओळ त्या दिवशी कोरीच राहिली.

जुनी बाकी "काही वर्षांत आपोआप बुडते" या समजावर विसंबू नका. संस्थेच्या येण्याची मुदत मोजायला सुरुवातच होते ती सभासदाचा मृत्यू झाल्यापासून किंवा सभासदत्व संपल्यापासून. म्हणजे राजीनामा न देता नुसतं दूध थांबवलं असेल, तर दहा वर्षांपूर्वीची पेंडही वहीत जिवंत असते.

दाखला अडवला तर तक्रार सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था (दुग्ध) यांच्याकडे करायची. कंसातला शब्द महत्त्वाचा. तालुक्याच्या नेहमीच्या सहकार कार्यालयात अर्ज दिला तर तो फिरत राहतो. अर्जाला पोच घेतलेली पत्रं आणि बिलाच्या चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स जोडा.

आणि कोड नंबर लेखी अर्ज देऊन बंद करून घ्या. चालू राहिलेल्या कोडवर दुसऱ्याचं दूध चढतं, त्यावर पेंड उचलली जाते, आणि वर्षाने बाकी तुमच्या नावावर निघते. अनुदानाच्या काळात तर हे जास्तच जपायला हवं, कारण दुधाची आणि जनावरांच्या बिल्ल्यांची माहिती दूध घेणाऱ्याकडूनच वर जात होती. जुन्या दिवसांचं अनुदान राहिलं असेल तर त्या दिवसांच्या लिटरची नोंद जुन्या संस्थेकडूनच मागावी लागते, नव्या केंद्राला ती देता येत नाही.

तात्यांनी ८५५ रुपये भरून पावती घेतली, कोड बंद केला, राजीनामा मात्र दिला नाही. भावकीवाल्याची बाकी दिवाळीच्या फरकातून वळती करायचं ठरलंय. तोपर्यंत त्यांचं नाव वहीत दोन ठिकाणी आहे : सभासदांच्या यादीत आणि दुसऱ्याच्या उचलीखाली.